फोटोतला काटा

चंद्रपुरात आमचं काटे दुरुस्तीचं दुकान होतं, अब्बांच्या वेळेपासूनचं. लोक काटे घेऊन यायचे. एटापल्लीकडची एक बाई मात्र नुसता फोटो घेऊन आली. ती गावच्या बचत गटाची अध्यक्ष होती. तिकडचा एक किराणावाला दुकान बंद करून इलेक्ट्रॉनिक काटा विकत होता.

"भाऊ, हा काटा आमाले चालते का, सांगा. मोहाची फुलं घ्याची हायेत, अन् चारोळीची शंभर ग्रॅमची पाकिटं कराची हायेत."

फोटो स्टुडिओवाल्याकडून मोठा करून आणलेला होता. भिंग लावलं तर काट्यावरची पाटी चक्क वाचता आली. जास्तीत जास्त पन्नास किलो, कमीत कमी दोनशे ग्रॅम, दहा-दहा ग्रॅमची पायरी, वर्ग तिसरा. तिसरा वर्ग म्हणजे बाजारातल्या साध्या व्यापाराचा. सोनाराला दुसरा लागतो.

"मोहाले चालते. पाकिटाले नाई," मी म्हणालो. "दोनशे ग्रॅमच्या खाली याच्यावर भरवसा ठेवायचा नाही."

"आमच्याकडं जुना दांडीचा काटा हाय."

"मग पाकिटं त्याच्यावरच करा. फक्त त्याच्यावर अन् वजनांवर दर दोन वर्षांनी सरकारी शिक्का लागतो. इलेक्ट्रॉनिकला दरवर्षी."

"अन् हा बरोबर तोलते का?"

"ते फोटोत कसं दिसेल, बाई?"

म्हणून तपासणीची वजनं बसच्या टपावर टाकून मी एटापल्लीला गेलो. किराणावाल्याच्या दुकानात काटा सपाट फरशीवर ठेवला, पातळी दाखवणाऱ्या काचेतला बुडबुडा मधोमध आणला. मधोमध पंधरा किलो ठेवलं, बरोबर पंधरा दाखवलं. किराणावाला खूश झाला. मी वजन उचलणार तोच बाई म्हणाली, "कोपऱ्यात ठेवून पाहा ना. आमच्या बाया टोपली कुठीबी ठेवतेत."

मी कोपरे तपासणारच होतो, पण तिला ते आपसूक सुचलं याचं मला फार बरं वाटलं. तीन कोपरे ठीक निघाले. चौथ्यात चाळीस ग्रॅम कमी! एवढ्या वजनाला दहाच ग्रॅमची सूट असते. किराणावाल्याचं तोंड उतरलं. ताट उचलून पाहिलं तर त्या कोपऱ्याखालच्या टेकूवर वाळून दगड झालेलं एक मोहफूल चिकटलेलं, तिथला थोडा भार तेच पेलत होतं. ते खरवडून काढलं, पुन्हा वजन ठेवलं. चारी कोपरे सारखे.

"मोहानं काट्यालेबी चढवली!" बाई म्हणाली, आणि किराणावालासुद्धा हसला.

सौदा झाला, पण मी सांगून ठेवलं की शिक्का मारायचा अधिकार माझा नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी वजनमाप निरीक्षकांचा कॅम्प होता, तिथं मीही गेलो. त्यांनी आपल्या वजनांनी पुन्हा सगळं तपासलं आणि शिशाचं नवं सील लावलं. बरोबर दांडीचा काटाही नेला होता. तोही पास झाला.

बाहेर येताच बायांनी काटा झाडाखाली मांडला. मोह राहिला बाजूला, मी नको नको म्हणत असताना त्या स्वतःच एकेक करून त्यावर चढू लागल्या. सगळ्या सडपातळ, आकडे वाचून एकमेकींना चिडवत होत्या. शेवटी अध्यक्षबाई चढली. पडद्यावरचा आकडा गेला, नुसत्या रेघा उमटल्या.

"भाऊ, बिघडला का जी?"

"नाई बाई," मी म्हणालो, "पन्नासच्या वर तो बोलत नाही."