नवी दातेरी पट्टी

फरशीवर इपॉक्सीचा थर घालणाऱ्या त्या टोळीच्या मिस्त्रीला सगळे भडक्या म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने हातचं काही राखलं नव्हतं. रोलर चुकीचा धुतला म्हणून त्याने एकाच्या कानशिलात दिली होती. ओल्या थरावर साध्या चपला घालून गेलेल्याला कॉलर धरून फरफटत बाहेर काढलं होतं. तरी माणसं त्याच्याकडे टिकत, कारण त्याची फरशी आरशासारखी होत असे आणि हिशोब तर त्याच्या तोंडावरच असायचा.

हिशोब तसा सोपा. एक चौरस मीटर जागा, एक मिलिमीटर थर, एक लिटर माल. जागेला जाडीने गुणायचं आणि आलेल्या लिटरांचे चार वाटे करायचे, कारण त्यांच्या मालात तीन भाग रेझिनला एक भाग हार्डनर लागे. तीन वाटे रेझिन, एक वाटा हार्डनर. हार्डनर कमी पडला तर फरशी चिकट राहते, जास्त झाला तरी थर नीट पिकत नाही. दुसरे ठेकेदार सांडलवंडीला म्हणून थोडा माल जास्त आणत. भडक्याला तो अपमान वाटे. ‘जास्त माल तो आणतो, ज्याला मोजता येत नाही,’ असं तो चारचौघांत सांगे, आणि सांगताना छाती अंमळ पुढे येई.

माल मिसळायचं काम त्याच्या मेहुण्याकडे होतं. बायकोचा धाकटा भाऊ, शांत स्वभावाचा, हाताला शिस्त असलेला. बायकोने भावाला कामावर पाठवताना नवऱ्याला एकच गोष्ट बजावली होती: ‘त्याच्यावर हात टाकलात तर मी या घरात राहणार नाही.’ भडक्या हसला होता. पण ती हसत नव्हती, हे त्यालाही कळलं होतं.

औषधं भरायच्या कारखान्यातली ती खोली बारा मीटर लांब, दहा मीटर रुंद. थर दोन मिलिमीटरचा. म्हणजे दोनशे चाळीस लिटर माल: एकशे ऐंशी रेझिन, साठ हार्डनर. पंधरा लिटर रेझिनचा डबा आणि पाच लिटर हार्डनरचा कॅन, अशा बारा जोड्या भडक्याने मोजून आणल्या. खाली प्रायमर आधीच मारलेला, म्हणजे काँक्रीट माल पिणार नाही. जुनी दातेरी पट्टी झिजली होती, ती काढून त्याने सकाळी दुकानातून आणलेली नवी लांब दांड्याला बसवली. माल याच पट्टीने ओढायचा. तिच्या दात्यांवर थराची जाडी ठरते. पुडकं फाडलं, स्क्रू आवळले, आणि ओल्या थरावर चालायचे, तळाला खिळे असलेले बूट चढवून तो कामाला लागला.

मेहुणा दाराशी एकेक जोडी बादलीत ओतून मिक्सर फिरवी, बादलीच्या कडा खरवडून घेई आणि भडक्याच्या पायाशी माल ओती. अकरावी बादली पसरून झाली आणि भडक्याने मान वर केली. समोर उघडं काँक्रीट. एक बादली उरली होती, आणि तेवढ्यात झाकेल अशी जागा त्याच्या हिशोबाने दहा चौरस मीटर. इथे तिप्पट होती.

“माल कुठाय?” त्याने विचारलं.

“सगळा ओतला, दाजी. ही शेवटची, आत्ताच मिसळली.”

“मी काय विचारतोय? माल कुठाय?”

“तुमच्यासमोरच तर...”

भडक्याने शेवटची बादली तशीच दाराशी टाकली आणि बाहेर उभा असलेला मालाचा टेम्पो उलटापालटा केला. सीटखालचं काढलं, ताडपत्री फाडली, मेहुण्याची पिशवी भिरकावली, त्यातला जेवणाचा डबा भिंतीवर आपटून फुटला. रिकामे डबे-कॅन बारा-बारा होते. ‘अर्धवट ओतून उरलेलं दुसरीकडे काढलं आणि विकलं,’ असं त्याने ठरवूनच टाकलं. या धुमाकुळात अर्धा तास गेला. मिसळलेला माल पसरला तर शांत असतो. बादलीत साठून राहिला की आतल्या आत तापत जातो. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. बादलीतून धूर निघू लागला तरी त्याने तिकडे पाहिलं नाही. रागाने पेटलेल्या माणसाला धूर दिसायचा तो कसा?

“बोल, कुणाला विकलास?”

“आईशप्पथ दाजी, नाही!”

पहिला फटका दांड्याचा होता, खांद्यावर. दुसरा कानामागे. मेहुणा कोपर पुढे करून मागे सरकला, तेव्हा भडक्याने लाथ घातली, आणि पायात खिळ्यांचे बूट होते. मांडीतून रक्ताच्या चार धारा आल्या. मेहुणा तोल जाऊन मागे पडला, आधाराला टाकलेला उजवा हात मनगटापर्यंत थेट बादलीत गेला. तो असा ओरडला की आतली मशीनं बंद करून माणसं धावत आली. हात बाहेर आला तेव्हा त्यावर उकळतं, घट्ट होत चाललेलं रेझिन हातमोज्यासारखं बसलं होतं आणि बोटं एकमेकांना चिकटली होती. भडक्या तेव्हाही म्हणत होता, “चोराला असंच पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी तो एकटाच कारखान्यात गेला. उरलेला पट्टा भरायचा तर आधी थराची कड सरळ कापून घ्यावी लागते. त्याने नखाने, मग चावीने फरशी ठिकठिकाणी दाबून पाहिली. कुठेही चिकट नाही, कुठेही मऊ नाही. सगळीकडे दगडासारखी कडक. म्हणजे तीनास एक हे प्रमाण शेवटपर्यंत बरोबर होतं. चोरी करायची तर दोन्ही डब्यांतून त्याच मापाने करावी लागली असती.  त्याने ग्राइंडरने कड कापली, तुकडा उचकटला आणि कॅलिपरमध्ये धरला. अडीच मिलिमीटर. दारापाशी कापला, तिथेही अडीच. मधे कापला, तिथेही.

नवी पट्टी भिंतीला टेकलेली होती. तिचे दाते जुन्या पट्टीपेक्षा मोठे होते. दुकानदाराने दिली, याने बसवली, दोघांनीही पाहिलं नाही. अडीचच्या थराला दोनशे चाळीस लिटर शहाण्णव चौरस मीटरच पुरतात, हे एखाद्या पोरानेही सांगितलं असतं. ओतलेला थेंब न् थेंब फरशीतच होता.

बायको भावाच्या घरी निघून गेली होती. तो तिथे गेला. दार मेहुण्यानेच उघडलं. हात कोपरापर्यंत बांधलेला, कान सुजलेला. मागे बायको उभी.

“पट्टी मोठी होती,” भडक्या म्हणाला. “चूक माझी. तू काही घेतलं नव्हतंस.”

“ते तो कालच सांगत होता,” बायको म्हणाली. “तुम्ही फरशीला विचारलंत, त्याला नाही.”

“विचारलं होतं गं.”

“हातात दांडा घेऊन? डॉक्टर म्हणतात दोन बोटं जातील. मिक्सर कशाने धरायचा त्याने?”

भडक्याला हुंदका आला. खरा आला, त्या माणसाला लाज वाटत होती, मनापासून वाटत होती. तो मेहुण्यासमोर गुडघ्यांवर बसला. “मार मला. हवं तेवढं मार. मी हूं की चूं करणार नाही.”

 मेहुण्याने डाव्या हाताने, जमेल तशी, एक थप्पड मारली. फार लागेल अशी नव्हतीच.

आणि भडक्याचा हात आपसूक उठला. सणसणीत बसला. मेहुणा भिंतीवर आपटला आणि बांधलेला हात पोटाशी धरून खाली बसला.

 भडक्या आपल्या हाताकडे बघत राहिला. बायकोने भावाला काखेत हात घालून उठवलं, आत नेलं, परत आली आणि नवऱ्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.