शुक्रवार माझा होता

आमच्या मोजणीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जो तिशीच्या आतला भूकरमापक बसतो, त्याचा मला हेवा वाटतो. थोडाथोडका नाही. तो ऑफिसात शिरला की माझ्या पोटात एवढा जाळ व्हायचा की त्यावर अख्ख्या ऑफिसाचा चहा उकळला असता, आणि शिवाय वर दोन पाहुण्यांचा.

कारण काय म्हणाल, तर रोव्हर. पूर्वी आम्ही फळकुटाचं टेबल डोक्यावर घेऊन बांधाबांधानं फिरायचो. आता खांबावरचं ते यंत्र उभं केलं की आकाशातल्या उपग्रहांकडून जागा कळते. त्यानं यंत्र उभं केलं की उपग्रह हातातली कामं टाकून त्याच्याकडे धावत येत. मी उभं केलं की तेच उपग्रह जेवायला गेलेले असत. मग शेतकरी बांधावर उकिडवा बसून म्हणणार, "साहेब, ते तरणे साहेब नाही का आले?"

तर एका सोमवारी हा माझ्या टेबलापाशी आला. हातात चहा, चेहऱ्यावर असं हसू की दगड विरघळावा.

"दादा, एक काम होतं."

"बोल न बे."

"शुक्रवारी लोणारले साळीचा साखरपुडा हाय. सुटीचा अर्ज टाकला. पन त्याच दिवशी माह्यी एक मोजनी लागेल हाय. तुमी घेऊन घेसान का? तुमच्यासाठी त दोन घंट्याचं काम."

दोन घंट्याचं! त्याच्या मोजणीचं गाव तालुक्याच्या एका टोकाला, माझं शुक्रवारचं शिवार दुसऱ्या टोकाला, वरवट बकालकडे. मधलं अंतर मी उडत कापायचं असा त्याचा हिशेब असावा.

आता माझ्या शुक्रवारचं सांगतो. दोन सख्खे भाऊ, मध्ये एक बांध. दोन वर्षं बोलणं बंद. धाकट्यानं मोजणीचा अर्ज केला होता, लगतच्या सगळ्या शेतकऱ्यांना नोटिसा जाऊन पोचल्या होत्या. दिवस उन्हाळ्याच्या शेवटचे. शेत रिकामं होतं म्हणून मोजणी शक्य. तारीख हुकली, पुन्हा नोटिसा निघाल्या, तेवढ्यात पेरणी झाली, की उभ्या पिकात यंत्र घेऊन कोण शिरू देतो? मग पीक निघेपर्यंत तो बांध तसाच, आणि भाऊही तसेच. वर माझ्या टेबलावर तीन जुने नकाशे जुळवायचे पडलेले.

हे सगळं खरं होतं. पण आतून एक दुसराच आवाज म्हणत होता, पडू दे याला तोंडावर! साखरपुड्याच्या ताटावरून उठून यावं लागू दे! माझा नकार कामातून येऊन राह्यला की पोटातल्या जाळातून, हे मलाच कळेना.

पूर्वी मी असल्या वेळी दोनच गोष्टी केल्या होत्या. एक तर थाप. माझ्या सासूला मी नोकरीत इतक्या वेळा आजारी पाडलं की बाई अजून चालते-फिरते हा चमत्कारच. नाहीतर सरळ 'हो'. होळीच्या आसपास याचंच एक प्रकरण मी 'हो' म्हणून घेतलं होतं. उन्हात भाजलो मी, तारीफ झाली याची, आणि माझ्या टेबलावरच्या त्या तीन नकाशांतला पहिला तेव्हापासूनच रखडला.

म्हणून या वेळी मी डायरी उघडली आणि त्याच्यासमोर फिरवली.

"हे पाय. शुक्रवारी माह्यी मोजनी. नोटिसा पोचल्या. तुह्यं घेतलं त माह्यं मोडते, आन् माह्यं मोडलं त पेरनीच्या आधी पुन्हा तारीख भेटत नाही. म्हनून नाही जमत, भाऊ."

"अर्धा दिवस इकडं, अर्धा दिवस तिकडं..."

"दोन्हीकडं अर्धंच होईन. लोकाले दिवसभर बांधावर बसवून आपन अर्धं काम देऊ का?"

त्याचं हसू जरा उतरलं. खोटं कशाला सांगू, मला गोड वाटलं. पण लगेच म्हणालो, "आज सोमवार हाय. आजच साहेबाले सांग. चार दिवस हातात हायेत, लोकाले कळवाले येळ भेटते. मी येतो संगं, पाच मिन्टं. त्याच्यावर नाही."

तो म्हणाला, "नाराज त नाही न दादा?"

"मी काऊन नाराज होऊ बे?" असं मी म्हणालो. भूमितीतले सगळे कोन माझ्या कपाळावर उमटले असणार, पण त्यानं पाहिलं नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये त्यानं आपली अडचण सांगितली. साहेबांनी त्याची फाईल मागवली. मी उभा होतो आणि माझ्या मनात लाडू फुटत होते, आता याला ऐकावं लागणार. साहेबांनी कागद उलटले, थांबले, चष्मा वर केला. नोटिसांपैकी एक लिफाफा तसाच परत आला होता. लगतचा एक शेतकरी गाव सोडून मलकापूरला राहायला गेला होता, जुन्या पत्त्यावर तो सापडला नव्हता. लिफाफा आत लावला होता, पण पाहिला कुणीच नव्हता.

"म्हणजे शुक्रवारी कोणी गेलं असतं तरी नंतर या शेतकऱ्यानं हरकत घेतली असती. मोजणी वायाच गेली असती," साहेब म्हणाले. "बरं झालं, वेळेवर आलात. नवीन पत्ता काढा, नव्यानं नोटिसा काढू, दहा दिवसांचं अंतर ठेवून तारीख देतो. त्या शेतात पेरणी उशिरानं होते, तोवर घाई नाही. शाबास, काम असं बघून करावं."

शाबास! कुणाला? त्याला! नकार माझा, डायरी माझी, साहेबांकडे चल म्हणणारा मी, आणि शाबासकी त्याला! नशीबसुद्धा रोव्हरसारखं त्याच्याच हातात चालत होतं.

बाहेर आल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बरं झालं दादा, तुमी नाही म्हनले. हाव म्हनले असते त तुमीच फसले असते."

तो बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं.

शुक्रवारी सकाळी सातला मी वरवट बकालकडच्या त्या शेतात होतो. ऊन असं की यंत्राचा खांबसुद्धा सावली शोधत होता. दोघे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून. लगतचे सगळे आले होते. पहिल्या कोपऱ्यावर उपग्रह आधी जेवून आले, मग लागले. सबंध दिवस वहिवाट मोजली, जुन्या नकाशाशी पडताळली, जबाब घेतले. ऊन कलता खुणा दाखवल्या. हद्द निघाली थोरल्याच्या बाजूला हातभर आत, म्हणजे तेवढी जमीन धाकट्याची. थोरला खुणेकडे पाहत राहिला, मग पहिल्यांदा भावाकडे वळला.

"एवढ्यासाठी दोन सालं तोंड फुगवून बसला होता का बे?"

"तू नाही का बसला?"

"चाय कोनाकडं?"

"माह्याकडं. तुह्याकडं साखर कमीच राह्यते."

दोघांनी सह्या केल्या. हा दिवस मी अर्धा कापून दिला असता, तर ही चार वाक्यं पीक निघेपर्यंत कुणाच्या तोंडातून निघाली नसती.

मी चहा घेत होतो, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "साहेब, त्या तरण्या साहेबाले पाठवलं असतं त म्हने दुपारीच झालं असतं."

"ते सुटीवर हायेत," मी म्हणालो, आणि दुसरा कप मागितला.

फोनवर लोणारचे फोटो येऊन पडले होते. फेटा बांधून तो मधोमध उभा, नवरदेवापेक्षाही देखणा. मी एक-एक फोटो मोठा करून खोट शोधली. एकही सापडली नाही. शेवटी खाली 'छान' असं लिहिलं, फोन खिशात घातला आणि यंत्राचा खांब उचलून गाडीकडे निघालो. टेबलावरचे तीन नकाशे अजून माझेच होते.