सविस्तरकाकांचा चार पानी अर्ज

सविस्तरकाकांनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंची बदली व्हावी म्हणून वर चार पानी तक्रार ठोकली, ही बातमी गावात दुपारच्या जेवणाआधी पोचली. ती सोडली होती शेजारच्या शिंप्याने. त्याने खिडकीतून काकांना लिहिताना पाहिलं होतं, आणि माणूस चार पानं लिहितो म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय द्यायलाच, असा त्याचा अनुभव. संध्याकाळपर्यंत त्या तक्रारीवर तीस सह्यासुद्धा झाल्या. तिसांतल्या एकालाही सही केल्याचं आठवत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

खरं एवढंच होतं, की काकांनी डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं होतं.

आता घरी बोलवायला चार पानं कशाला? तर ते सविस्तरकाका होते म्हणून. त्यांना वेळ विचारली तर आधी घड्याळ कुणी दिलं ते कळायचं. दीड एकराचं रान, घरात बायको आणि म्हातारी आई, आणि गोठ्यात एकच गाय. तिचा रुबाब असा, की सगळे तिला बाईसाहेब म्हणत. बाईसाहेब पाच महिन्यांच्या गाभण होत्या आणि महिना-दीड महिना त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. खायच्या नाहीत, रवंथ बंद, डावी कूस फुगलेली, शेण पातळ. दूध सहा लिटरवरून दोनावर यायचं. दोन दिवसांत आपोआप बऱ्या व्हायच्या, आणि आठवडा उलटला की पुन्हा तेच.

दोनदा काकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. आजाराच्या दिवशी बाईसाहेब दावणीवरून पाऊल उचलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कशाबशा चार किलोमीटर चालत गेल्या, तर दवाखान्याच्या दारात उभ्या राहून मजेत रवंथ करू लागल्या. तिथला परिचर हसून म्हणाला, "काका, हिला काही झालेलं नाही. हिला फिरायला यायचं होतं."

"अहो, काल हिला पाहायला हवं होतंत."

"मग कालची गाय आणा. नाहीतर घरभेटीसाठी लेखी अर्ज द्या."

काकूंचा धीर तोवर सुटला होता. "पुढच्या बाजाराला विकून टाका तिला. वासरू पोटातच गेलं तर दोन्ही जातील. माझ्याच्यानं ते बघवायचं नाही." बोलताना त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे पदराला लागले होते. काकांनी कागद घेतला.

अर्जात सगळं होतं. कोणत्या तारखेला किती दूध, शेणाचा रंग, वास, कूस कधी फुगली, कान गार होते की गरम. तिसऱ्या पानावर असंही होतं: "मधल्या एका आठवड्यात मला स्वतःला ताप आला होता. त्यामुळे मी नेहमीसारखा बाजाराला न जाता घरीच पडून होतो. त्या आठवड्यात बाईसाहेब मात्र ठणठणीत होत्या. घरात एक आजारी पुरे, असं त्यांना वाटलं असावं."

"हे कशाला लिहिता?" काकू म्हणाल्या. "डॉक्टर तुमच्या तापाला येणारेत का? खोडा ते."

"राहू दे गं. घडलंय ते घडलंय."

परिचराच्या हातात जाड लिफाफा पडला तेव्हा गावातली बातमी त्याच्याही कानावर आली होती. त्याने तो मॅडमपुढे विंचू ठेवावा तसा ठेवला. "मॅडम, तक्रार आहे. चार पानं आहेत."

मॅडमनी डबा खाता खाता वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर हसल्या. तिसऱ्या पानावर घास हातातच राहिला. मग उठून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने पाच तारखांना गोल केले. पाचही शुक्रवार निघाले.

"गुरुवारी बाजार असतो ना?" त्यांनी विचारलं. "मग आपण शुक्रवारी सकाळी जायचं."

शुक्रवारी त्या आल्या तेव्हा बाईसाहेब मान टाकून उभ्या होत्या. दाराशी निम्मी आळी जमली होती, कारण ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच तपासायला आलेत, हा तमाशा कोण सोडणार? मॅडमनी ताप पाहिला, तो नव्हता. डाव्या कुशीत मूठ दाबून धरली आणि घड्याळाकडे बघत बराच वेळ थांबल्या. पोटाची हालचाल जेमतेम होती. शेण काडीने उलगडून पाहिलं, तर आंबट वास आणि त्यात मक्याच्या भरड्याचे न पचलेले कण. तोंडातून नळी घालून पोटातलं थोडं पाणी काढलं आणि त्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग पाहून म्हणाल्या, "पोटात आम्ल झालंय. भरडा जास्त होतोय."

"छे! सकाळी एक माप, संध्याकाळी एक माप," काका म्हणाले. "रोज मीच घालतो."

"आणि बाजाराच्या दिवशी?"

"मीच. पहाटे निघायच्या आधी."

"अय्या," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं घाईत तुम्ही विसरता. गव्हाण चाटूनपुसून लख्ख असायची, म्हणून मी एक माप घालून रानात जायचे."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. "माझ्याकडे काय बघता? सून तरातरा रानात जाते, मुक्या जिवाकडे बघतंय कोण! गव्हाण रिकामीच असायची. मी घालायचे एक."

"संध्याकाळी?"

"संध्याकाळीही घालायचे की. हा दमून येतो."

"आणि मी आल्यावर घालायचो," काका हळूच म्हणाले. "दिवसभर तिला सोडून गेलेलो असायचो ना."

मॅडमनी बोटं मोजली. "दोनाच्या जागी पाच मापं. काका, गाईला रोग नाही झालाय. तिचे लाड झालेत."

आळी खो खो हसली. काकू हसता हसता रडल्या आणि बाईसाहेबांच्या मानेला मिठी मारून उभ्या राहिल्या. मॅडमनी नळीतूनच पाण्यात कालवलेला खायचा सोडा पाजला. दोन दिवस भरडा बंद, नुसता सुका चारा, आणि पुन्हा असं झालं तर लगेच कळवायचं, असं बजावलं. "असंच चाललं असतं तर मोठं दुखणं झालं असतं. वासरावरही बेतलं असतं. आता माप कुलपात आणि किल्ली एकाकडेच."

किल्ली कुणाकडे यावर तिघांची अर्धा तास जुंपली. शेवटी ती आईच्या कमरेला गेली. शिंपी म्हणाला, "काका, आमची तीस माणसांची सही फुकट गेली." तेव्हा काकांनी त्याला आतून चहा आणून दिला, त्या सह्यांबद्दल मात्र एक शब्दही बोलले नाहीत.

चार गुरुवार गेले. चारही शुक्रवारी बाईसाहेब सहा लिटर देऊन वर शेपटी उडवत होत्या. काकूंनी विकायचं नाव पुन्हा काढलं नाही. पाचव्या शुक्रवारी काका चार किलोमीटर चालत दवाखान्यात गेले. पिशवीत आभाराचं पत्र होतं, सात पानांचं. त्यात परिचराचेही आभार होते, अर्ज लिहायला लावल्याबद्दल.

मॅडमनी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं आणि जपून घडी घातली. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही त्या अर्जात कानांपासून शेणापर्यंत सगळं लिहिलंत, स्वतःचा तापसुद्धा लिहिलात. खायला कोण घालतं, तेवढंच कसं राहिलं?"

काका म्हणाले, "ते लिहिलं असतं मॅडम, तर तुम्ही चिठ्ठीवरच औषध लिहून धाडलं असतंत. मग आमच्या घरी कोण आलं असतं?"