मौनीताईंचा अभ्यास

माझ्या नणंदेला मोबाइलवरची पोरं 'मौनीताई' म्हणतात. खरं तर ताईंइतकी बडबडी बाई मी पाहिली नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलल्या त्या त्याच.

ताई तेव्हा सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करायच्या, म्हणजे पाच मिनिटं वाचून गप्पा मारायला स्वयंपाकघरात यायच्या. निदान कोणी बघत असलं तर बूड टेकेल, म्हणून त्यांनी फोन स्टँडवर लावला, टेबलाच्या कडेला छोटा माइक अडकवला आणि 'माझ्यासोबत अभ्यास करा' म्हणत मोबाइलवर स्वतःचं चॅनेल काढून लाइव्ह बसायला लागल्या. पन्नास मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं सुट्टी, की पुन्हा पन्नास. गाणं नाही, बोलणं नाही. पानांचा आवाज, पेनाची खरखर आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. हे कोण बघणार, म्हणून मी हसले होते.

पण एकट्यानं अभ्यास करणाऱ्या पोरांना समोर कोणीतरी बसलेलं हवं असतं. पोरं ताईंची बैठक तासन्‌तास लावून ठेवायची, त्यामुळे बघण्याचे तास भराभर साठले आणि जाहिराती सुरू झाल्या. ताईंनी त्या फक्त सुट्टीत ठेवल्या, कारण ऐन अभ्यासात जाहिरात ओरडली की पोरं पळतात. पुढे दर महिन्याला वर्गणी भरणारे सभासद आले, त्यांच्यासाठी सकाळची वेगळी बैठक. टेबलावरच्या दिव्याची लिंक खाली दिलेली असायची. तिथून कोणी दिवा घेतला की थोडं कमिशन. तेवढ्यात माझ्या नवऱ्याचं दुकान बसलं आणि ताईंची ही वरकमाई घरातली एकुलती एक कमाई झाली.

मग सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप लागलं. सासरे खोकला उशीत दाबायचे. मी भाजी चिरायला गॅलरीत जायची. नवरा मात्र दाराशी उभा राहून, आज ताई किती वेळ बसली, यावर डोळा ठेवायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ताईंची परीक्षेची वयोमर्यादा संपली. घरात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि ताई बसतच राहिल्या. अशात एका मैत्रिणीनं त्यांना तिच्या बालवाडीत शिकवायला बोलावलं. पगार चॅनेलच्या निम्मासुद्धा नव्हता, पण काम दिवसभर बोलायचं! ताईंचे डोळे असे चमकले की बस. होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

त्याच दिवशी मी गॅस बारीक करायला विसरले आणि ऐन बैठकीत कुकरची शिट्टी झाली. ताईंनी झटकन फोनवरचं माइकचं बटण दाबून आवाज बंद केला. थोड्या वेळानं सुट्टीची घंटा झाली आणि दर सुट्टीत माइक बंद करायच्या सवयीनं त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं. बंद माइक चालू झाला. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"मला जाऊ दे रे," ताई भावाला म्हणाल्या. "परीक्षाच उरली नाही. वर्षभरात एक ओळ वाचलेली नाही मी. नुसती पानं उलटते. त्या पोरांना फसवतेय."

"आणि घर कसं चालायचं? माझं काही जमेपर्यंत बस."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालास."

"अगं, बसायचेच तर पैसे मिळतात! कुठे दगड फोडायचेत?"

"मग तुम्हीच बसा ना तिथे," मी म्हटलं.

तेवढ्यात माझं फोनकडे लक्ष गेलं. सुट्टीत कधी नव्हे एवढे मेसेज धावत होते. 'ताई, माइक चालू आहे.' 'वर्षभर???'

नवरा मटकन खाली बसला. "गेलं सगळं," म्हणाला. ताईंना मात्र मोठा श्वास सोडताना मी पाहिलं. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा हलका दिसला. त्या खुर्ची ओढून वाचू लागल्या, मीही वाकले.

'ताई, राग नाही.' 'तुम्ही वाचता की नाही, काय फरक पडतो? तुम्ही असता ना.' 'माझी परीक्षा जवळ आलीय, तोवर उठू नका हं.' 'फक्त बसा ताई.' मध्येच दोन नवे सभासद झाले.

"बघ!" नवरा उडीच मारून उठला. "उगाच जिवाला लावून घेत होतीस. आता तर खोटंही वागायला नको!"

मला रडू आलं. त्याचाही राग आला आणि त्या पोरांचाही, आणि पोरांचा राग का यावा हेही कळेना. मी हळूच विचारलं, "ताई, मैत्रिणीला फोन लावू?"

ताईंनी टेबलाच्या कडेचा माइक मुठीत घट्ट दाबून धरला.

"आता काय सांगून उठू, वहिनी? एक ना एक दिवस पकडली जाईन आणि सुटेन, एवढ्याच आशेवर बसले होते मी."