तिसऱ्या चौकटीतली भिंत

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात तुमसरच्या बसस्थानकासमोर एका शिकवणी वर्गाचा फ्लेक्स लागला. त्यावर चार पालकांचे फोटो आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचा अभिप्राय होता. तिसऱ्या चौकटीत माझी बहीण, तिचे पती आणि त्यांची मोठी मुलगी होती. त्यांच्या मागे पुस्तकांनी भरलेलं लाकडी कपाट दिसत होतं. असं कपाट बहिणीच्या घरी नाही.

बहीण चिखल्याला राहते. तिचे पती मॅंगनीजच्या खाणीत भूमिगत काम करतात आणि कुटुंब कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहतं. मोठी मुलगी दोन वर्षं बसने तुमसरला येऊन या वर्गात गणित आणि विज्ञान शिकली. दहावीला गणितात ती वर्गात पहिली आली. धाकटी आठवीत गेली होती आणि तिलाही जूनपासून तिथेच घालायचं ठरलं होतं. आमच्या भागात गणित नीट शिकवणारा दुसरा वर्ग नाही, हे बहिणीचं मत आहे आणि माझंही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्गाचे संचालक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांचा संदेश तिच्या मोबाइलवर आला. तो मी स्वतः वाचला. मजकूर असा होता : ‘नमस्कार ताई. मुलीच्या प्रगतीबद्दल आपण समाधानी असाल तर वर्गाविषयी दोन-तीन ओळी लिहून पाठवा. सोबत कुटुंबाचा एक फोटो. मुलगी घरी जिथे अभ्यास करते तिथलाच काढावा, म्हणजे खरा वाटतो. फोटो आडवा धरून काढा, चेहऱ्यावर उजेड असू द्या. आमच्या पेजवर आणि फ्लेक्सवर वापरायला हरकत नसेल तर ‘हो’ लिहा.’

फोटो मी काढला. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केली, म्हणून असली कामं घरात माझ्याकडे येतात. भाचीचं टेबल बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकून. त्या भिंतीवर दोन तसबिरी आहेत. एक बुद्धाची. दुसरी निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या माणसाची. आमच्या वस्तीत हे कोण, असं कोणी विचारत नाही. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून या दोन तसबिरी आमच्या घरात होत्या. बहीण लग्न होऊन गेली तेव्हा त्या सोबत घेऊन गेली.

भाऊजी पाळी संपवून आंघोळ करून आले. केस ओलेच होते.

“केस त पुसा, पेपरात येनार हाय तुमचा फोटो,” बहीण म्हणाली.

“पेपरात नाही, फ्लेक्सवर. तिथं त नेते लोकं असतात.”

“मग तुम्ही कोण कमी हा?”

माझ्या मागे उभी असलेली धाकटी खदाखदा हसली. मी फोटो काढला. बहिणीने अभिप्राय स्वतः लिहिला : ‘माझी मुलगी आधी पाठ करायची. इथे आल्यावर विचारायला लागली.’ शेवटी ‘हो’ लिहून पाठवला.

फ्लेक्सवर अभिप्रायातला एक शब्दही बदललेला नव्हता. फक्त भिंत बदलली होती.

बहिणीने फ्लेक्स पाहिला तेव्हा मी तिच्यासोबत होतो. ती फ्लेक्सच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, “दादा, हे आमचं घर काहून नोहे?”

मी आधी असं समजलो की चारही फोटोंना एकसारखी पार्श्वभूमी दिली असावी. तसं करतात. तपासलं. पहिल्या चौकटीत गॅलरी होती, दुसरीत सोफा आणि पडदा. चौथ्या चौकटीत बाजारातल्या एका व्यापारी कुटुंबामागे देवघर होतं; समई, फुलं, मूर्ती, सगळं जसंच्या तसं.

फ्लेक्स जिथे छापला त्या दुकानात गेलो. डिझाइन करणारा तरुण ओळखीचा निघाला.

“मांगचं कोणी काढायले सांगितलं?” मी विचारलं.

“सर बोलले. म्या त म्हटलं, चारही करून देतो, एकसारखे दिसतील. सर म्हणे, नाही, तीन नंबरचाच कर.”

“काहून, ते सांगितलं?”

“ते मी कायले विचारू भाऊ? गिऱ्हाईक हाय.”

भाऊजींचं म्हणणं होतं, सोडून द्यावं. “धाकटीले तिथंच पाठवाचं हाय. सरशी भांडून काय भेटनार हाय तुले?” बहिणीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तुमसरला आली. मी वर्गाच्या दारात भेटलो. सरांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. ते वाईट शिक्षक नाहीत. परीक्षेआधी महिनाभर त्यांनी भाचीला वर्ग सुटल्यावर थांबवून शिकवलं होतं. हे इथे नोंदवणं आवश्यक आहे.

“ताई, मुलीचं नाव केवढं मोठं केलं आपण, पाहिलं ना?” सर म्हणाले.

“नाव पाहिलं सर. घर काहून बदलवलं?”

“अहो, पुस्तकं मागे असली की फोटो शिकल्यासारखा वाटतो.”

“आमची भिंत अडाणी हाय का?”

“तसं नाही. आपल्याकडे सगळ्या प्रकारचे पालक येतात. प्रवेशाचे दिवस आहेत. उगाच कोणी काही बोलायला नको.”

“मग देवघराले कोणी बोलत नाही?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “ताई, तुम्ही हे जास्तच मनावर घेऊन राहिल्या. मी तसा माणूस नाही.”

“तुमी कसे हा ते मी विचारूनच नाही राहिली. संदेशात तुमीच लिहिलं, पोरगी अभ्यास करते तिथला फोटो पाठवा. तिथंच बसून तिनं अभ्यास केला. तो लावा, नाही त आमाले त्या फ्लेक्सवरून काढा.”

“पाहतो,” सर म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, “धाकटीचं काय ठरलं मग?”

हा प्रश्न त्यांनी त्याच वेळी का विचारला, हे मला माहीत नाही. बहिणीने तो कसा ऐकला ते मी पाहिलं. तिने पदर खांद्यावर सारखा केला आणि उठली.

“तिचं शिकाचं ठरलं हाय सर. ते बदलत नाही.”

त्या आठवड्यात फ्लेक्स तसाच राहिला. बसमधून उतरणारे लोक वर्गाचं नाव वाचत, फोटो पाहत आणि पुढे जात. तीन जण, ज्यांचं घर मी पाहिलं आहे, ज्यांच्या टेबलाशी बसून चहा प्यायलो आहे, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटासमोर उभे राहून हसत होते. परवानगी फोटो वापरण्याची मागितली होती. तो सोलण्याची मागितली नव्हती, आणि कोणी दिलीही नव्हती.

रविवारी दुपारी बहिणीने मला चिखल्याहून फोन केला. मोबाइलच्या नकाशावर वर्गाचं पान असतं, तिथे आपला अभिप्राय कसा टाकायचा, असं तिने विचारलं. मी सांगितलं. तिथे टाकलेला मजकूर किंवा फोटो वर्गाला बदलता येत नाही. फार तर ते तक्रार करू शकतात किंवा खाली उत्तर लिहू शकतात. मग ठीक आहे, ती म्हणाली.

तिने पाच तारे दिले. मी विचारलं, पाच? “शिकवलं त चांगलंच ना,” ती म्हणाली. मजकूर तोच ठेवला, दोन ओळींचा. सोबत मी काढलेला मूळ फोटो जोडला, ओल्या केसांचे भाऊजी, टेबल आणि दोन्ही तसबिरींसह.

त्या अभिप्रायाखाली संध्याकाळी वर्गाचं उत्तर आलं : ‘धन्यवाद ताई.’ फोटो आजही तिथे आहे. धाकटी जूनच्या पहिल्या सोमवारी वर्गाला गेली आणि पहिल्या बाकावर बसली, असं तिने घरी सांगितलं. बसस्थानकासमोरच्या फ्लेक्सवर तिसऱ्या चौकटीत आता वर्गाचा फोन नंबर चिकटवलेला आहे. चौथ्या चौकटीत देवघर आहे.