जुडी सोडून बघणाऱ्या बाई

आमच्या वन्सं कुलूप लावतात, ओढून बघतात, चार पावलं जातात आणि परत येऊन पुन्हा ओढतात. दूधवाल्यानं माप ओतलं की पातेलं तिरकं करून बघतात. लग्न केलं नाही, त्याचंही कारण हेच असावं असं माझा नवरा म्हणतो. मुलगा बघायला आला तेव्हा यांनीच त्याची उलटतपासणी घेतली होती म्हणे. नवऱ्याची थोरली बहीण, त्यामुळे मी गप्प बसते. शिवाय आम्ही दोघी एकाच शाळेत, दोघींकडे दुसरीच. त्यांच्याकडे अ तुकडी, माझ्याकडे ब.

त्या वर्षी त्यांची अ तुकडी जाणार हे जवळजवळ ठरलं होतं. मुलं मागे पडतात, ब तुकडीची वजाबाकी संपत आली तरी यांची अजून काड्यांशी खेळतात, अशी ओरड होती. पर्यवेक्षिका एक पाठ बघणार, आणि तो फसला तर वन्संना वर्गातून काढून भांडारखोलीत खडू-फळे मोजायला बसवणार. वर्गाशिवाय या बाईचं काय होईल, याचा विचारही मला करवत नसे. त्यांची तुकडी मला मिळणार होती हेही खरं, आणि वन्संना ते ठाऊक होतं.

पाठ होता दशक आणि एकक. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही सामान पसरलं: आइस्क्रीमच्या काड्यांची पुडकी, रबरबँड, दोन रकाने आखलेले पुठ्ठे, लाकडी ठोकळे आणि दहा ठोकळ्यांएवढे लांब दांडे, निळ्या-लाल चकत्या. मी उत्साहानं म्हटलं, "चकत्याच घेऊ या. निळी म्हणजे दहा, लाल म्हणजे एक. झटपट होतं."

"निळी म्हणजे दहा, असं कोण म्हणतं?"

"आपण म्हणतो."

"आणि मुलांनी ऐकायचं?" त्यांनी चकत्या डब्यात लोटल्या. "निळी चकती फोडली तर आत दहा निघतात का? दांडाही नंतर. तो सुटत नाही, पण त्याच्या शेजारी ठोकळे लावून निदान खात्री करता येते. आधी काड्या. जुडी सोडली की दहा डोळ्यांना दिसतात."

"मग मी जुड्या बांधून ठेवते. तासातला वेळ वाचेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधात पाणी घालताना सापडले होते. "वेळ कुणाचा वाचवायचाय तुला? बांधणं हाच तर पाठ आहे."

मला राग आला. वाटलं, माझी मदत म्हणजे हिला कटकारस्थान वाटतं. माझ्या वर्गासाठी मी रागारागानं बसून ढीगभर जुड्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "या, बघा माझी मुलं."

त्या आल्या. मी पुठ्ठ्यावर डावीकडे तीन जुड्या ठेवल्या, उजवीकडे चार सुट्या काड्या. "किती?" वर्ग दणाणला: "चौतीस!" मी मान ताठ करून वन्संकडे पाहिलं. त्या खूश होण्याऐवजी आणखीच संशयी दिसू लागल्या.

"फारच पटकन सांगतात," त्या पुटपुटल्या. पुठ्ठा काढून घेतला. चार सुट्या काड्या डावीकडे सरकवल्या, तीन जुड्या उजवीकडे. "आता?"

"त्रेचाळीस!" वर्ग तेवढ्याच जोरात ओरडला.

"आणि मोजायला गेलं तर टेबलावर एकूण काड्या किती?"

पहिल्या बाकावरची चुणचुणीत मुलगी उठली, बोट लावत मोजलं आणि म्हणाली, "सात."

जुडी म्हणजे त्यांच्या लेखी एक वस्तू होती. तिच्या पोटात काय आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. मुलं जागा बघून अंक वाचत होती. वन्संनी चिडवलं असतं तर परवडलं असतं. त्या नुसत्या "हं" म्हणून निघून गेल्या.

त्याच्या पुढच्याच दिवशी पर्यवेक्षिका आल्या तेव्हा मुख्याध्यापिकांनी मलाही अ तुकडीत मागे बसायला सांगितलं. वन्संनी प्रत्येक जोडीला सुट्या काड्यांचा ढीग दिला. आधी अंदाज, मग मोजणी. मुलं मोजताना चुकली, भांडली, पुन्हा पहिल्यापासून लागली. पर्यवेक्षिका घड्याळ बघत होत्या. मग एक मुलगा वैतागून म्हणाला, "दहादहाचे बांधले तर?" वन्संनी जणू स्वतःला ते सुचलंच नसतं अशा चेहऱ्यानं रबरबँड काढले.

एका जोडीच्या दोन जुड्या झाल्या, तीन काड्या उरल्या. तेवीस. पुठ्ठ्यावर मांडलं, पाटीवर लिहिलं. वन्संनी एक जुडी सोडायला लावली. आता एक जुडी, तेरा सुट्या. "आता किती?" वर्गात कुजबुज. कुणी पुन्हा मोजलं, कुणी म्हणालं काडी पडली का बघा. शेवटी ठरलं की तेवीसच. तास अर्ध्याहून जास्त संपला होता आणि फळ्यावर एकच संख्या होती. मुख्याध्यापिकांचा चेहरा पडला.

पर्यवेक्षिका उठल्या. मुलं घोकवून तयार केली असतील असा त्यांना संशय असावा, कारण त्या म्हणाल्या, "या वर्गातलं सामान नको. शेजारच्या वर्गातलं आणा." शिपाई माझा जुड्यांचा डबा घेऊन आला. त्यांनी मुद्दाम दोन सुट्या काड्या डावीकडे ठेवल्या आणि चार जुड्या उजवीकडे. "किती?"

मुलं पुठ्ठ्याभोवती जमली. वेण्या सुटलेली एक मुलगी म्हणाली, "आधी सोडून बघू?"

"कशाला? दहाच्याच आहेत. मी सांगते ना."

"आमच्या बाई पण सांगतात," मुलगी म्हणाली, "पण त्या खोटं बोलतात."

मुख्याध्यापिकांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. पर्यवेक्षिका हळूच वन्संकडे वळल्या. "मुलांचा तुमच्यावर विश्वास नाही?"

"मोजल्याशिवाय नाही," वन्सं म्हणाल्या. मान खाली गेली नाही. "रोज काड्यांच्या ढिगातली एक काडी मी लपवते आणि आकडा आधीचाच सांगते. ती चूक त्यांनी शोधायची."

तोवर मुलांनी रबरबँड काढलेही होते. एक जुडी दहा. दुसरी दहा. तिसरी दहा. चौथ्या जुडीपाशी ती मुलगी थबकली, पुन्हा मोजलं, आणि पर्यवेक्षिकांकडे पाहून म्हणाली, "ही नऊ आहे. म्हणजे बेचाळीस नाही, एकेचाळीस. आणि ही जुडीच नाही, या सुट्या."

पर्यवेक्षिकांनी स्वतः टेबलावर वाकून काड्या मोजल्या. नऊच. मग त्या मुख्याध्यापिकांना एवढंच म्हणाल्या, "हा वर्ग यांच्याकडेच राहू द्या."

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. डबा माझा, जुड्या माझ्या, आणि आदल्या दिवशी वन्सं माझ्या वर्गात येऊन गेल्या होत्या. त्या कुलूप उघडत असतानाच मी विचारलं, "वन्सं, ती एक काडी तुम्हीच काढलीत ना?"

त्या चिडतील असं वाटलं होतं. उलट त्यांनी कधी नव्हे ते माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "तू बांधल्यावर मोजली होतीस का?"

पहिली जुडी मी मोजून बांधली होती. बाकीच्या सगळ्या तिच्या शेजारी धरून, जाडी बघून.

"नाही," मी म्हटलं.