डाव्या गालावरचं ऊन

गल्लीत तिला सगळे कातरमावशी म्हणत. एका फोटोतला माणूस कातरीने कापून दुसऱ्या फोटोत डिंकाने चिकटवायचे दिवस होते, तेव्हाचं हे नाव. काहींच्या मते ते तिच्या जिभेवरून पडलं होतं. पुढे कातर गेली, संगणक आला, नाव आणि जीभ तेवढी राहिली. चष्म्याच्या दुकानावरचा फोटो स्टुडिओ, त्यातली मागची खोली, आणि खोलीच्या खिडकीवर तिने स्वतः ठोकलेलं काळं कापड. बाहेरचा उजेड पडद्यावर आला की रंग खोटे दिसतात, हे मालकाला सांगून तिचा घसा बसला होता. तो येता-जाता ते कापड बाजूला सारायचा आणि म्हणायचा, काय हा अंधार करून ठेवलाय.

मालकाचं दुसरं पालुपद म्हणजे "होऊन जाईल". गिऱ्हाईक काहीही घेऊन येवो, हा काउंटरवर बसून होऊन जाईल म्हणून मोकळा. निस्तरायला मागे मावशी होतीच.

त्या दिवशी आलेली बाई चार भावंडांतली थोरली. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून अंगणात सगळ्या घराचा फोटो काढला होता. आई खुर्चीवर, बाजूला वडील, मागे मुलं, सुना, जावई. आईच्या खुर्चीमागे मात्र एका माणसाएवढी जागा रिकामी. धाकटा भाऊ वडिलांशी भांडून गेला तो तीन वर्षं घराकडे फिरकला नव्हता. आईने ती जागा कुणाला भरू दिली नाही. थोरलीला तिथे भावाला उभं करून हवं होतं. आईने एकदा सगळी मुलं एकत्र बघितली की तिचा जीव शांत होईल, एवढंच तिचं म्हणणं. त्याचा ऑफिसातला एक फोटो तिने आणला होता.

मावशीने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. अंगणात संध्याकाळचं तिरपं ऊन, सगळ्यांच्या डाव्या गालावर. नाकांच्या सावल्या उजवीकडे, कडा कशा कोरलेल्या. आणि हे धाकटे चिरंजीव ट्यूबलाइटखाली, उजेड उजव्या गालावर, तोही मऊ, निळसर, आठवडाभर आजारी असल्यासारखा. तिने सांगितलं की हे जमायचं नाही, उन्हातला फोटो आणा. तोवर मालक बोलून गेला होता, होऊन जाईल, परवा या.

वैतागलेला माणूस सोपी वाट धरतो. मावशीने धाकट्याला आरशासारखा उलटा केला. उजेड झटक्यात डाव्या गालावर आला. उलटल्यावर शर्टाचा खिसा आणि बटणं चुकीच्या बाजूला गेली, ती तिने परत जागेवर आणली. मग रंग. सगळ्या अंगावर पिवळा फासून भागत नाही. उन्हाची बाजू सोनेरी करायची आणि सावलीची बाजू थोडी निळीच ठेवायची, कारण तिथे ऊन नसतं, आभाळाचा उजेड असतो. नाकाची सावली कडक केली, खुर्चीच्या पाठीवर त्याची सावली पाडली. थोरली खूश. तिने तो फोटो भावालाही पाठवला, तोही म्हणाला, माझा इतका चांगला फोटो कधी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली तोंड पाडून परत. आईने फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, माझ्यामागे हा कोण उभा आहे? त्याच्यासारखाच दिसतो, पण तो नाही.

मालक म्हणाला, वय झालंय त्यांचं. मावशी त्याच्यावर खेकसली. चूक तिला लगेच कळली होती. खिसा फिरवला, चेहरा तसाच राहिला. भांग उलटा, वर चढलेली भुवई दुसऱ्या बाजूला, हसताना ओठ भलत्याच बाजूला चढलेला. धाकट्याला आवडणारच, तो रोज आरशात हाच चेहरा बघतो. आईने तो कधी बघितलेला नाही.

आता नवा फोटो हवा होता, आणि भाऊ थोरलीचं ऐकेना. मग मावशीनेच फोन लावला. सूर्य मावळायच्या तासभर आधी उघड्यावर उभे राहा, ऊन डाव्या गालावर घ्या, फ्लॅश नको, कॅमेरा छातीच्या उंचीवर. एवढं सरळ सांगूनही पहिला फोटो आला तो भर दुपारचा, डोळ्यांखाली काळे खड्डे. दुसरा गच्चीवरच्या पिवळ्या दिव्याखाली. तिसऱ्यात वेळ बरोबर, ऊन बरोबर, पण डोळ्यांवर गॉगल. मावशीने त्याला पोटच्या पोराला झापावं तसं झापलं. तुमची आई तुमचे डोळे बघणार आहे की गॉगलची कंपनी, असंही विचारलं.

मग तो हळूच म्हणाला, "हात कुठे ठेवू? आई समोर आहे ना?"

"खुर्चीच्या पाठीवर," मावशी म्हणाली. "तिच्या खांद्यावर नको. तिथे ठेवलात तर तिच्या शालीचा लाल रंग तुमच्या हातावर पडलेला दिसायला हवा, आणि तो मला रंगवून आणावा लागेल. खोटं दिसेल."

चौथ्या फोटोसाठी त्याने कुठून तरी एक खुर्ची पैदा केली होती. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात, डाव्या गालावर सोनेरी ऊन, नाकाची सावली उजवीकडे, जशी हवी तशी. मावशीला फारसं काही करावं लागलं नाही. रंग जरासा सारखा केला, केसांच्या कडा मागच्या दृश्यातून नीट सोडवल्या, हाताखाली बारीकशी सावली दिली. तयार फोटोकडे बघून ती स्वतःवर खूश झाली, आणि असं वर्षातून एखाद्या वेळीच व्हायचं.

फोटो घेऊन गेलेली थोरली चौथ्या दिवशी परत आली. काउंटरवर मालकाशी न बोलता सरळ मागच्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली.

"याला काढून टाका," ती म्हणाली.

मावशीचं डोकं फिरलं. आता काय चुकलं? भांग? भुवई?

काहीच चुकलं नव्हतं. आईने बघताक्षणी ओळखलं. फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, आला होता तर. तेव्हापासून ती जेवत नव्हती. फोटो जोडून केलाय हे थोरलीने चारदा सांगितलं, आई ऐकत नव्हती. तिचं म्हणणं, मला समजत नाही का, तेच ऊन आहे, त्याच दिवसाचं. माझ्यामागे येऊन उभा राहिला, मी मागे वळून बघितलं नाही. तुम्ही कुणी मला सांगितलं नाहीत. आणि तो माझ्याशी न बोलता निघून गेला.

खोटं पकडलं जातं तेव्हा काय करायचं, ते मावशीला ठाऊक होतं; ते खरं मानलं गेलं तर काय, ते नव्हतं. मग तिने फोन उचलला आणि धाकट्याला लावला. त्याने आधी फोटोचंच विचारलं. छान आलाय, ती म्हणाली. इतका छान की तुझी आई म्हणते, तू आला होतास आणि तिला न भेटता गेलास.

मग तो म्हणाला, "मग मला काढून टाका ना त्यातून."

"फोटोतून काढीन," मावशी म्हणाली. आवाज चढला होता, आणि तिला स्वतःचाच राग येत होता. "पण ती आता रिकाम्या जागेकडे बघणार नाही. दाराकडे बघत बसेल, तू परत कधी येतोस म्हणून. तिथून तुला कसं काढू, सांग."